‘पेंडिंग’ आहे, पण कोणाकडे?

नोकरी करणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा तरी हा शब्द ऐकावा लागतो. सुट्टीचा अर्ज पेंडिंग आहे, प्रवासखर्चाचा क्लेम पेंडिंग आहे. विचारायला गेलं की साहेब म्हणतात, ‘मी तर केव्हाच पास केलं.’ अकाउंट्सवाले म्हणतात, ‘आमच्याकडे आलंच नाही.’ एचआर म्हणतं, ‘सिस्टीममध्ये दिसतंय ना, थोडं थांबा.’ तिघंही खरं बोलत असतात आणि अर्ज तरीही जागचा हलत नाही.

याचं कारण असं, की पेंडिंग या एका शब्दाखाली निदान चार-पाच वेगवेगळ्या अवस्था येतात, आणि प्रत्येक अवस्थेत पुढचं पाऊल टाकण्याची पाळी वेगळ्या माणसाची असते. ती अवस्था ओळखता आली, तर कोणाला फोन करायचा हे कळतं आणि निम्मं काम तिथेच होतं.

हे समजून घ्यायला एक प्रत्यक्षातली प्रणाली समोर ठेवू. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं ‘फ्रॅपे एचआर’ हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक लहान-मध्यम कंपन्या वापरतात. तुमच्या ऑफिसात दुसरं काही असेल, पडद्यावरचे शब्दही वेगळे असतील, पण अर्जाची वाट साधारण अशीच असते.

एक क्लेम, पाच मुक्काम

पुण्यातल्या एका कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर नागपूरला जाऊन आला, असं समजा. निघताना त्याने ५,००० रुपये अ‍ॅडव्हान्स उचलला होता. परत आल्यावर त्याने खर्च मांडला: रेल्वेचं तिकीट २,४८० रुपये, दोन रात्रींचं हॉटेल ५,६०० रुपये, रिक्षा ६४० रुपये आणि जेवणखाण १,१८० रुपये. एकूण ९,९०० रुपये.

पहिला मुक्काम त्याच्या स्वतःच्याच हातात असतो. क्लेमचा फॉर्म भरून ‘Save’ केला की त्याच्यावर ‘Draft’ अशी खूण दिसते. बिलं जोडायची, प्रत्येक ओळीत तारीख आणि कारण लिहायचं, आणि अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर तोही त्याच फॉर्ममध्ये ओढून घ्यायचा, एवढं काम त्याचं. इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे हॉटेलच्या बिलाऐवजी कार्ड मशीनमधून निघालेली चिठ्ठी जोडली जाते. त्या चिठ्ठीवरून पैसे कोणाला गेले एवढं कळतं, कशाचे गेले ते कळत नाही. म्हणून अकाउंट्स ती बिल म्हणून धरत नाही. दुसरं म्हणजे अ‍ॅडव्हान्स जोडायचा राहतो. मग पुस्तकात एका बाजूला पूर्ण रक्कम देणं दिसते आणि दुसऱ्या बाजूला ५,००० रुपये त्या इंजिनिअरच्या नावावर येणं म्हणून तसेच पडून राहतात. वर्षअखेरीला हिशेब जुळवताना ते वर येतात आणि तोवर नागपूरची फेरी कोणाच्या लक्षातही नसते.

दुसरा मुक्काम साहेबांकडे. फॉर्ममध्ये ‘Expense Approver’ म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांनी प्रत्येक ओळ पाहून किती रक्कम मान्य ते ‘Sanctioned Amount’ या रकान्यात भरायचं असतं. आपल्या उदाहरणातल्या कंपनीत हॉटेलची मर्यादा एका रात्रीला २,५०० रुपये आहे. तेव्हा ५,६०० पैकी ५,००० मान्य होतात आणि ६०० रुपये कापले जातात. मान्य रक्कम ९,३०० झाली. त्यातून अ‍ॅडव्हान्सचे ५,००० वजा केले की इंजिनिअरला प्रत्यक्ष मिळायचे राहतात ४,३०० रुपये.

सगळ्यात जास्त क्लेम अडकतात ते याच ठिकाणी, आणि त्यामागचं कारण जवळून पाहण्यासारखं आहे. साहेबांना दोन वेगळ्या कृती करायच्या असतात. आधी ‘Approval Status’ या रकान्यात ‘Approved’ निवडायचं आणि त्यानंतर ‘Submit’ हे बटण दाबायचं. पुष्कळदा साहेब ‘Approved’ निवडतात, ‘Save’ करतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांच्या मनात मंजुरी देऊन झालेली असते. फॉर्म उघडून पाहिला तर आत ‘Approved’ असंच लिहिलेलं दिसतं. पण यादीत त्या क्लेमवर अजून ‘Draft’ हीच खूण असते आणि अकाउंट्सच्या देण्यांमध्ये तो येत नाही. ‘मी पास केलं’ आणि ‘आमच्याकडे आलं नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठरतात ती अशी.

म्हणजे ‘Draft’ या एका खुणेचे तीन अर्थ निघतात: भरणाऱ्याचं भरून व्हायचं आहे, भरून झालं पण साहेबांनी पाहिलेलं नाही, किंवा पाहून मंजूर केलं पण शेवटचं बटण राहिलं. यातला कोणता अर्थ खरा, हे फॉर्म उघडून दोन जागा पाहिल्या की समजतं. ‘Approval Status’ मध्ये काय आहे ते पाहायचं, आणि फॉर्मच्या तळाशी कोणी केव्हा काय बदललं याची जी नोंद असते, तिच्यातलं शेवटचं नाव पाहायचं. शेवटचा बदल तुमचाच असेल तर साहेबांनी अजून काही केलेलं नाही. शेवटचा बदल साहेबांचा असेल आणि तरी खूण ‘Draft’ असेल, तर त्यांना एवढंच सांगायचं, की ‘Submit’ राहिलंय.

तिसरा मुक्काम अकाउंट्सचा. ‘Submit’ होताच क्लेमवरची खूण ‘Unpaid’ अशी बदलते. हा बदल महत्त्वाचा आहे. या क्षणापासून कंपनीच्या पुस्तकात खर्च नोंदला गेला आणि त्या कर्मचाऱ्याच्या नावाने देणं उभं राहिलं. ‘Unpaid’ दिसल्यावर साहेबांच्या मागे लागून उपयोग नसतो, त्यांचं काम संपलेलं असतं. आता पाळी पेमेंट करणाऱ्याची. बहुतेक कंपन्या अशी पेमेंट्स रोज करत नाहीत. आठवड्यातला एक दिवस किंवा महिन्यातल्या ठरावीक तारखा असतात. त्यामुळे गुरुवारी ‘Unpaid’ झालेला क्लेम पुढच्या बुधवारच्या पेमेंटमध्ये गेला, तर तो अडकलेला नाही, नेहमीच्या क्रमाने चाललेला आहे. पेमेंटचा वार माहीत असेल तर उगाच फोन करावे लागत नाहीत.

चौथा मुक्काम बँकेचा. अकाउंट्सने पेमेंटची नोंद केली की खूण ‘Paid’ होते. पण ही नोंद पुस्तकातली आहे. बँकेत रक्कम प्रत्यक्ष पाठवणं हे अनेक ठिकाणी वेगळं काम असतं आणि त्यालाही बँकेच्या पोर्टलवर दुसऱ्या अधिकाऱ्याची मान्यता लागते. ‘Paid’ दिसतंय पण खात्यात पैसे नाहीत, अशा वेळी अकाउंट्सकडे यूटीआर नंबर मागावा. नंबर मिळाला तर रक्कम बँकेतून निघाली असं धरून आपल्या बँकेत चौकशी करता येते. नंबर मिळालाच नाही, तर रक्कम बहुधा अजून निघालेली नाही. खातं बदललं असेल तर ते एचआरला कळवणं ही ज्याचं खातं त्याची जबाबदारी.

पाचवा मुक्काम दर वेळी येत नाही, पण आला की सगळ्यांना त्रास होतो. समजा साहेबांनी हॉटेलचे पूर्ण ५,६०० मान्य केले आणि ‘Submit’ झाल्यावर अकाउंट्सच्या लक्षात आलं, की मर्यादा ओलांडली आहे. आता नुसता आकडा खोडून बदलता येत नाही. तो क्लेम आधी रद्द करावा लागतो आणि ‘Amend’ करून त्याची सुधारित प्रत काढावी लागते. क्लेमचा नंबर HR-EXP-2025-00041 असेल तर नव्या प्रतीचा नंबर HR-EXP-2025-00041-1 असा येतो, आणि ती प्रत पुन्हा ‘Draft’ पासून सुरू होते. तेव्हा जुना नंबर धरून चौकशी केली की उत्तर येतं ‘तो तर रद्द झालाय’, आणि नव्या नंबरचा क्लेम साहेबांची वाट पाहत बसलेला असतो. रद्द करणाऱ्याने त्याच दिवशी कर्मचारी आणि साहेब दोघांनाही नवा नंबर कळवला पाहिजे. नवी प्रत निघाल्याचं त्या घडीला फक्त त्यालाच ठाऊक असतं, म्हणून हे काम त्याचंच.

गणपतीची रजा आणि बदललेले साहेब

रजेचा अर्ज खर्चापेक्षा सोपा दिसतो, कारण त्यात पैसे नसतात. पण तो अडकला तर पगारच कापला जाऊ शकतो, आणि बऱ्याच जणांना हे पगाराची स्लिप हातात आल्यावर कळतं.

असं समजा, की एका कर्मचारी बाईंना गणपतीसाठी कोकणात जायचं आहे. त्यांनी तीन दिवसांचा अर्ज वेळेत टाकला. अर्जाची स्थिती ‘Open’ दिसते. महिनाभरापूर्वी त्यांचे जुने साहेब दुसऱ्या विभागात गेले आणि नवीन मॅडम आल्या. अर्ज मात्र जुन्या साहेबांच्या नावाने गेला, कारण कर्मचाऱ्याच्या मूळ नोंदीत ‘Leave Approver’ म्हणून अजून त्यांचंच नाव होतं. जुन्या साहेबांना वाटलं, आता या बाई माझ्या हाताखाली नाहीत, नवीन मॅडम बघतील. नवीन मॅडमना अर्ज दिसलाच नाही, त्यांना फक्त तोंडी सांगितलेलं आठवत होतं. त्या ‘जा तुम्ही’ म्हणाल्या आणि बाई गावाला गेल्या.

इथे अर्ज पुढे नेण्याची जबाबदारी एचआरची आहे. मूळ नोंद बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो आणि बदलीचा आदेशही त्यांच्याच हातून निघतो. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

पहिली अशी, की मूळ नोंदीत मंजुरी देणाऱ्यांचे रकाने वेगवेगळे आहेत. रजेसाठी ‘Leave Approver’, खर्चासाठी ‘Expense Approver’ आणि शिफ्ट बदलासाठी आणखी एक. घाईत रजेचं नाव बदललं जातं आणि खर्चाचं जुनंच राहतं. मग महिन्याभराने त्याच माणसाचा प्रवासखर्च जुन्या साहेबांकडे जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट याहून नकळत घडणारी आहे. अर्ज भरला जातो त्या वेळी मंजुरी देणाऱ्याचं नाव त्या अर्जातच नोंदलं जातं. नंतर मूळ नोंद दुरुस्त केली तरी आधी भरलेला अर्ज आपोआप नव्या मॅडमकडे जात नाही. त्या अर्जातलं नाव वेगळं बदलावं लागतं. म्हणून बदलीच्या दिवशी एचआरने मूळ नोंद सुधारावीच, शिवाय जुन्या साहेबांच्या नावावर ‘Open’ असलेले सगळे अर्ज काढून एकेक हलवावेत. कोणी नोकरी सोडून गेलं तरी हेच करायचं, आणि त्यांचं लॉगिन बंद करण्याच्या आधी करायचं.

आता पगाराचा संबंध पाहू. अर्ज मंजूर होऊन ‘Submit’ झाला, की त्या दिवसांची हजेरी ‘On Leave’ म्हणून लागते आणि रजेच्या शिल्लकेतून तीन दिवस वजा होतात. अर्ज ‘Open’ असेपर्यंत यातलं काहीच होत नाही. अनेक कंपन्यांत पगार हजेरीवरून काढतात आणि ज्या दिवसाची हजेरीच लागलेली नाही तो दिवस गैरहजेरी धरण्याची व्यवस्था असते. अशा कंपनीत तीन दिवसांचा पगार कापला जातो, शिल्लक रजा भरपूर असली तरीही. मंजुरी उशिरा मिळाली तर कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पगारात थकबाकी म्हणून द्यावी लागते, आणि ती आठवणीने जोडण्याचं काम पुन्हा पगार काढणाऱ्यावर येतं.

हे टाळायचा उपाय पगार काढणाऱ्याच्या हातात आहे. पगार चालवण्याच्या दोन दिवस आधी रजेच्या अर्जांची यादी ‘Open’ या स्थितीवर गाळून काढायची आणि त्या महिन्यातल्या तारखांचे जे अर्ज असतील, ते ज्यांच्या नावावर आहेत त्यांना पाठवून द्यायचे. अर्ज करणाऱ्यालाही एक गोष्ट करता येते. अर्ज भरतानाच फॉर्मवर मंजुरी देणाऱ्याचं नाव दिसतं, तिथे आपले आत्ताचे साहेब आहेत ना हे बघावं. ते नाव चुकीचं असेल तर अर्ज पाठवण्याआधीच एचआरला सांगावं, आणि तोंडी होकारावर गावाला जाऊ नये.

पद म्हणजे माणूस नव्हे

मोठ्या कंपन्यांत एका मंजुरीवर भागत नाही. ठरावीक रकमेच्या वरचा खर्च विभागप्रमुखांकडे जातो, त्यानंतर फायनान्सकडे. फ्रॅपेमध्ये अशी साखळी ‘Workflow’ नावाच्या तक्त्यात मांडतात. त्यात प्रत्येक पायरीसाठी एक ओळ असते: सध्याची अवस्था कोणती, काय कृती करायची, पुढची अवस्था कोणती, आणि ‘Allowed’ या रकान्यात ती कृती कोणी करायची. तुमचा क्लेम कोणाकडे आहे याचं नेमकं उत्तर या शेवटच्या रकान्यात असतं.

अडचण अशी, की त्या रकान्यात माणसाचं नाव नसतं, पदाचं असतं. ‘HR Manager’ असं लिहिलेलं असेल आणि ते पद सिस्टीममध्ये तिघांना दिलेलं असेल, तर क्लेम तिघांनाही दिसतो आणि दुसरा बघेल म्हणून तिघंही थांबतात. याच्या उलट, ते पद ज्यांच्याकडे होतं त्या नोकरी सोडून गेल्या आणि दुसऱ्या कोणाला ते दिलंच नाही, तर क्लेम पुढे नेणारं कोणीच उरत नाही. पडद्यावर मात्र दोन्ही वेळी एकच अक्षरं दिसतात. पहिल्या प्रकारात विभागप्रमुखाने तिघांपैकी एकाला नेमून द्यायला हवं. दुसऱ्या प्रकारात सिस्टीम सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनला सांगावं लागतं, कारण पद देण्याचा अधिकार त्याचाच असतो.

रजेवर गेलेल्या साहेबांचंही असंच आहे. आपण आठ दिवस नसणार हे सगळ्यांत आधी त्यांनाच माहीत असतं. तेव्हा जाण्यापूर्वी आपल्या नावावरची यादी रिकामी करणं किंवा बदली माणूस नेमून एचआरला कळवणं हे त्यांचं काम. हाताखालच्या माणसाने ते अंदाजाने ओळखावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

किती दिवस थांबायचं?

सरकारी कामात याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची फाइल ४ दिवसांत निघावी, आणि अगदी तत्काळ स्वरूपाची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. या नियमात मुदत ऑफिसला दिलेली नाही, एकेका टेबलाला दिलेली आहे. त्यामुळे उशीर झाला तर तो कोणत्या टेबलावर झाला हे दाखवता येतं.

खासगी कंपनीच्या आतल्या क्लेमला हा कायदा लागू नाही, पण ही रीत उचलण्यासारखी आहे. प्रत्येक पायरीसमोर तीन गोष्टी लिहिलेला एक कागद पुरतो: माणसाचं नाव, ते नसतील तेव्हा कोण, आणि किती दिवस. नागपूरच्या क्लेमसाठी तो असा होईल: साहेबांना तीन दिवस, ते नसतील तर विभागप्रमुख, अकाउंट्सला येणाऱ्या बुधवारपर्यंत, तपासणारी व्यक्ती नसेल तर त्यांची सहकारी, क्लेम परत आला तर दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्याला दोन दिवस. शेवटची मुदतही लिहायला हवी, कारण त्रुटी काढून परत आलेला क्लेम कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असतो आणि तो मात्र साहेबांच्या मंजुरीची वाट पाहत राहतो.

असा कागद तुमच्या ऑफिसात नसला तरी आठवण करताना ही माहिती संदेशातच घालता येते. ‘सर, माझा क्लेम पेंडिंग आहे, जरा बघाल का?’ या वाक्यावर साहेबांना काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘सर, नागपूर दौऱ्याचा क्लेम HR-EXP-2025-00041, मान्य रक्कम ९,३०० रुपये. तुम्ही सोमवारी Approved केला आहे, पण Submit राहिल्याने अकाउंट्सकडे गेलेला नाही. उद्या दुपारपर्यंत झाला तर बुधवारच्या पेमेंटमध्ये जाईल.’ यात नंबर आहे, राहिलेली नेमकी कृती आहे आणि मुदतीचं कारणही आहे. बुधवार उलटूनही ‘Submit’ झालं नाही, तर हाच संदेश साहेबांना कळवून विभागप्रमुखांना पाठवावा. अकाउंट्सला पाठवू नये, कारण त्या अवस्थेतला क्लेम हलवण्याचं बटण अकाउंट्सकडे नसतं.